पाच किलोवॅटचे निर्बंध

आमच्या सोसायटीच्या फलकावर पाणीकपात आणि सत्यनारायण यांच्या मधोमध सध्या मी आहे. ‘सदनिका क्र. ३०४ यांच्यावर वीज कार्यालयाने ५ किलोवॅटचे निर्बंध लादले असून सभासदांनी नोंद घ्यावी.’ सभासदांनी नोंद इतकी मनापासून घेतली, की दुसऱ्या मजल्यावरच्या काकू लिफ्टमध्ये माझ्याकडे आकडा टाकून वीज चोरणाऱ्याकडे बघावं तशा बघतात. परवा वॉचमननेही हळूच विचारलं, “साहेब, मीटर कापणार का?”

वास्तविक झालं होतं एवढंच, की एसी घ्यायचा म्हणून मी घराचा वीजभार २ किलोवॅटवरून ५ वर नेण्याचा अर्ज केला, आणि तो पास झाला. मीटररूमपासून घरापर्यंत जाड केबल ओढायची, तर मीटररूमची किल्ली नानांकडे. नाना म्हणजे आमचे सहसचिव. म्हणून पत्राची प्रत त्यांना दिली. पत्र इंग्रजीत होतं आणि त्यात मुख्य वाक्य असं: ‘धिस ऑफिस हिअरबाय सँक्शन्स अ लोड ऑफ फाइव्ह किलोवॅट.’

नानांनी त्यातला ‘सँक्शन्स’ तेवढा उचलला, मोबाइलमधल्या भाषांतराच्या चौकटीत टाकला, आणि चौकटीने उत्तर दिलं: ‘निर्बंध’.

मी वर गेलो तेव्हा नाना चहा बशीत ओतत होते.

“नाना, सँक्शन म्हणजे इथे मंजुरी. लोन सँक्शन झालं म्हणतो ना आपण?”

“लोनचं लोनपाशी. हे बघ.” मोबाइल माझ्या नाकापर्यंत आला. “निर्बंध. मी म्हणत नाही, हा म्हणतोय.”

“त्याला तुम्ही अख्खं वाक्य दिलंत का?”

“अख्खं वाक्य मला कळलं होतं. अडला होता एकच शब्द. मग सगळं कशाला विचारायचं? उगाच नेट जातं.”

“अहो, पण वीज कार्यालय माझ्यावर निर्बंध कशाला लादेल?”

“ते तुझं तुला माहीत.” बशीतला एक घोट. “रशियावर लादले, इराणवर लादले. कुणी उगाच लादत नाही.”

एसीवाला एखादा माणूस अशा रीतीने रशिया-इराणच्या पंगतीत बसल्याचं मला दुसरं उदाहरण माहीत नाही. वर नानांनी खातरजमाही केली होती. तीन वेगवेगळ्या साइट उघडून दाखवल्या, तिन्हींवर निर्बंध. शिवाय ‘निर्बंध’ उलट टाकून इंग्रजी करून पाहिलं होतं, तेही ‘रिस्ट्रिक्शन्स’ असं व्यवस्थित आलं. “दोन्हीकडून जुळतंय,” नाना म्हणाले. निवृत्त हिशेबनीस माणूस. ताळा जमला की त्यांच्या दृष्टीने जगात काही उरत नाही.

आता हा ताळाच फसवा आहे, हे नानांना सांगता आलं नाही ते इथे सांगतो. ‘निर्बंध’ उलट फिरवल्यावर सिद्ध काय झालं? निर्बंध म्हणजे निर्बंध, एवढंच. पत्रातला शब्द त्या फेरीत आलाच नाही. आणि तीन साइटचं म्हणाल, तर शब्दार्थाच्या कितीतरी साइट एकमेकींचीच यादी उचलून छापतात. तिन्हींवर शब्दशः तेच उत्तर, त्याच क्रमाने दिसलं, तर ते तीन साक्षीदार नसतात. एकच साक्षीदार तीनदा शर्ट बदलून आलेला असतो.

खरी खोच मात्र त्या शब्दाच्या शेवटच्या ‘स’मध्ये आहे. इंग्रजीत नामाचं अनेकवचनही ‘स’ लावून होतं आणि ‘तो करतो’मधल्या क्रियापदालाही ‘स’च लागतो. पत्रातला ‘सँक्शन्स’ क्रियापद होता: हे कार्यालय मंजूर करते. एकटाच उचलून चौकटीत टाकल्यावर मागचं कार्यालय गेलं, पुढचा लोड गेला. उरलं ते बातम्यांत दिसतं तसं अनेकवचनी नाम. एक देश दुसऱ्यावर लादतो ते. शेजारचे शब्दच नसतील तर कुठला अर्थ घ्यायचा हे चौकटीने तरी कशावरून ठरवावं? तिचा एवढाच गुन्हा, की शंका न दाखवता एकच उत्तर ठणकावून दिलं. आमच्या कमिटीत ती सहज निवडून येईल.

इंग्रजी-इंग्रजी कोश उघडला असता तर दोन्ही अर्थ एकाखाली एक दिसले असते. मूळ लॅटिन शब्दाचा रोख एखादी गोष्ट कायद्याने पक्की, बंधनकारक करण्याकडे. त्यातूनच एकीकडे अधिकृत संमती आली आणि दुसरीकडे नियम मोडला तर होणारी शिक्षा. असे दुतोंडी शब्द इंग्रजीत आणखी आहेत. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख आणि ‘ओव्हरसाइट’ म्हणजे नजरचूकही. ‘ओव्हरसाइट कमिटी’चं भाषांतर ‘नजरचूक समिती’ असं कुणी केलं, तर आमच्या सोसायटीपुरतं मी ते चालवून घेईन.

अर्थाखालची उदाहरणवाक्यं मात्र कुणी वाचत नाही, आणि सगळा माल तिथेच असतो. त्यातही दिसेल ते पहिलं वाक्य घेऊन चालत नाही. आपल्या वाक्यासारखी रचना शोधावी लागते. ‘सँक्शन्स’च्या पुढे ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ येऊन एखाद्या देशाचं वा कंपनीचं नाव असेल, मागे ‘इंपोज’ असेल, तर निर्बंध. कुणी अधिकारी कर्ता आहे आणि पुढे कर्ज, रजा, अनुदान, पद, नकाशा किंवा वीजभार आहे, तर मंजुरी. मग तो अर्थ आपल्या वाक्यात बसवून मोठ्याने वाचायचा. ‘हे कार्यालय ५ किलोवॅट भाराचे निर्बंध करते’ हे मराठी आहे का? तोंडातच अडकतं. अडकलं की अर्थ चुकला. (न अडकणारे चुकीचे अर्थही असतात. म्हणून तर दुसरीकडे बघायचं.)

दुसरीकडे म्हणजे आणखी एका चौकटीत नव्हे, तर त्या व्यवहारातली माणसं मराठीत काय लिहितात तिथे. सरकारी शब्द असेल तर भाषा संचालनालयाचे कोश आहेत, ऑनलाइनही बघता येतात. पण नानांना तेवढंही लांब जायची गरज नव्हती. महावितरणचं बिल त्यांच्या टीपॉयवरच, चष्म्याच्या डबीखाली होतं. मी ते उचलून बोट ठेवलं. स्वच्छ मराठीत छापलेलं: मंजूर भार.

नाना बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “हे माझं बिल आहे. तुझ्या बिलावर काय आहे ते तू बघ.”

यावर काय बोलणार? मी खाली जाऊन माझं बिल आणलं. त्यावरही मंजूर भार. मग नानांनी ‘कमिटीपुढे ठेवतो’ म्हटलं. हे वाक्य आमच्याकडे कुठलीही गोष्ट मारून टाकायला वापरतात. सूचना लिहून फलकावर लावताना कमिटी लागली नव्हती. काढायला मात्र गणपूर्ती हवी.

काल संध्याकाळी नाना स्वतःहून दारात आले. हातात माझं पत्र, पेन्सिलीने एक ओळ अधोरेखित. मंजुरी ‘सब्जेक्ट टू’ वायरिंगचा चाचणी अहवाल, असं तिथे आहे. म्हणजे अहवाल दिल्याच्या अटीवर, बस्स. तो मी कधीच देऊन बसलो आहे.

“मंजुरीचं मान्य,” नाना म्हणाले, “पण यांनी इथे विषय म्हटलंय आणि विषय कुठला ते लिहिलेलंच नाही. पत्र अपूर्ण आहे. पूर्ण करून आण, मग किल्ली देतो.”

एसी खोक्यातच आहे. बाहेर एकोणचाळीस डिग्री.