वयोमर्यादा काढली की न्याय होतो?

फिरत असलेला मजकूर असा: «एमपीएससीला खरंच न्याय करायचा असेल तर वयोमर्यादा आणि अटेम्प्टची मर्यादा, दोन्हींचा विषय कायमचा बंद करा. खेड्यातल्या पोराला ही परीक्षा कळेपर्यंत पंचविशी येते. वय वाढवलं तर कुणाच्या बापाचं काय जातं? तसंही मुलाखतीत शहरातली पोरंच पुढे जातात. वर सरकारच परीक्षा पुढे ढकलतं आणि पोरं एजबार होतात. शेअर करा.»

पंचविशीची गोष्ट खरी आहे. पदवी झाली, एक-दोन वर्षं मिळेल ते काम केलं, मग कुणाचं तरी ऐकून राज्यसेवेची पुस्तकं घेतली, अशी मुलं मराठवाड्यातून आणि विदर्भातून दर वर्षी पुण्यात येतात. पण राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची मर्यादा आज 38 आहे आणि मागासवर्गीयांची 43. 2016 पर्यंत खुल्या प्रवर्गासाठी ती 33 होती. त्या वर्षी ती पाच वर्षांनी वाढवली. पंचविशीला सुरुवात केलेल्याच्या हातात अडतिशीपर्यंत तेरा वर्षं उरतात. तेरा वर्षांत जे साधलं नाही ते चौदाव्या वर्षाने साधेल, असं मानायला मला तरी आधार दिसत नाही.

कुणाचं काय जातं, या प्रश्नाचं उत्तर मात्र सविस्तर द्यायला हवं. वय वाढवल्याने पदं वाढत नाहीत. पदं मागणीपत्रातून येतात, आणि मुख्य परीक्षेला पदसंख्येच्या ठराविक पटीतच मुलं घेतली जातात. म्हणजे पूर्व परीक्षेत वरून एक मुलगा आत आला की खालून एक बाहेर जातो. पूर्व परीक्षा बहुपर्यायी आणि उणे गुणांची असते. कुठला प्रश्न सोडायचा, दोन पर्याय उरले की धोका पत्करायचा का, हे ज्ञानाइतकंच सरावाने येतं. दहाव्यांदा बसणारा आणि पहिल्यांदा बसणारा यांच्यात हा सराव मोठा फरक पाडतो.

आता दहाव्यांदा कोण बसू शकतो ते बघा. खोलीचं भाडं, मेस आणि अभ्यासिकेचे पैसे दर महिन्याला गावाकडून येत राहतील तोच. ज्याच्या घरी बहिणीचं लग्न तोंडावर आहे किंवा वडील शेतमजुरीला जातात, तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी बॅग भरतो. मुलींची मर्यादा तर त्याहून आधी येते. आयोगाने 38 लिहिलं असलं तरी घर पंचवीस-सव्विसाव्या वर्षी लग्नाचा विषय काढतं, आणि वाढवलेली वर्षं बहुतेक मुलींच्या वाट्याला येतच नाहीत. गरिबाच्या नावाने मागितलेली मुदत अशी टिकून राहू शकणाऱ्याच्या पदरात पडते.

म्हणूनच वय आणि अटेम्प्ट एकाच वाक्यात काढून टाकायला सांगणं मला सर्वांत जास्त खटकतं. या दोन मर्यादा वेगवेगळ्या माणसांना थांबवतात. वयाची मर्यादा उशिरा सुरुवात करणाऱ्याला अडवते, अटेम्प्टची मर्यादा वर्षानुवर्षं बसत राहणाऱ्याला. यूपीएससीत दोन्ही आहेत. खुल्या प्रवर्गाला 32 वर्षं आणि सहा अटेम्प्ट, ओबीसींना 35 आणि नऊ, अनुसूचित जाती-जमातींना 37 आणि त्या वयापर्यंत अटेम्प्टचं बंधन नाही. नुसता अर्ज भरला तर अटेम्प्ट मोजला जात नाही, पूर्व परीक्षेच्या एखाद्या पेपरला बसलं तरच मोजला जातो. राज्यात आयोगाने 2020 च्या अखेरीस अशीच मर्यादा जाहीर केली होती, 2022 मध्ये ती मागे घेतली. माझ्या मते ती ठेवायला हवी होती. वय 38 असू द्या, पण अटेम्प्ट सहा किंवा नऊ करा. अठ्ठाविसाव्या वर्षी नोकरी सोडून आलेल्या मुलीला तिच्या साऱ्या संधी मिळतील, आणि एकाच खुर्चीत पंधरा वर्षं कुणी अडकणार नाही.

मुलाखतीबद्दल थोडक्यात. राज्यसेवेच्या नव्या वर्णनात्मक पद्धतीत मुख्य परीक्षा 1750 गुणांची आणि मुलाखत 275 ची, म्हणजे एकूण 2025 पैकी साडेतेरा टक्के. तरीही मुलाखत निकाल फिरवू शकते, हे नाकारणार नाही. एकाला मुख्यमध्ये 800 आणि मुलाखतीत 140 मिळाले तर बेरीज 940. दुसऱ्याला 770 आणि 180 मिळाले तर 950. लेखीत तीस गुणांनी मागे असलेला वर गेला. यादीच्या शेवटाकडे मुलं एकेका गुणावर उभी असतात, तिथे हे घडतं आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण त्यावरचा उपाय मुलाखतीचं वजन कमी करणं किंवा मंडळांच्या गुणदानातली तफावत तपासणं हा आहे. उमेदवार पाच वर्षांनी मोठा झाला म्हणून मंडळ त्याला वेगळं वागवत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि तो या मजकुरातला सर्वांत खरा आहे, फक्त अर्धवट सांगितलाय. 2020 ची राज्यसेवा पूर्व परीक्षा 5 एप्रिल 2020 ला ठरली होती. ती पुन्हा पुन्हा पुढे गेली आणि पुण्यात मुलं रस्त्यावर उतरल्यानंतर 21 मार्च 2021 ला झाली. पण ज्यांनी त्या परीक्षेचा अर्ज आधीच भरला होता ते यामुळे एजबार झाले नाहीत, कारण वय जाहिरातीत दिलेल्या तारखेला मोजतात, परीक्षेच्या दिवशी नाही. फटका बसला तो पुढच्या जाहिरातीची वाट बघणाऱ्यांना. 2021 ची जाहिरात ऑक्टोबर उजाडेपर्यंत आली नाही आणि मधल्या काळात कित्येकांची अडतिशी उलटली. मग 17 डिसेंबर 2021 ला सरकारने 1 मार्च 2020 पासून त्या दिवसापर्यंत मर्यादा ओलांडलेल्यांना एकदाची संधी दिली. त्यांचे अर्ज घेण्यासाठी 2 जानेवारी 2022 ची परीक्षा 23 जानेवारीवर गेली, तीही तोंडावर आलेली असताना. चूक जाहिरातीच्या उशिराची आणि ती निस्तरताना तयारीत बसलेल्या साऱ्यांचं वेळापत्रक पुन्हा हललं.

यूपीएससीत ही वेळ सहसा येत नाही, कारण तिथे वय परीक्षेच्या वर्षाच्या 1 ऑगस्टला मोजतात आणि जाहिरात दर वर्षी निघते. एकविसाव्या वर्षी मुलीला सांगता येतं की तिच्या वाट्याला किती परीक्षा आहेत. राज्यासाठी मागायचं असेल तर हे मागा: वय मोजण्याची तारीख दर वर्षी एकच असावी, आणि एखाद्या वर्षी जाहिरात निघाली नाही तर त्या वर्षी मर्यादा ओलांडणारा उमेदवार पुढच्या जाहिरातीला आपोआप पात्र धरावा. त्यासाठी त्याला आंदोलन करावं लागू नये आणि शासन निर्णयाची वाटही बघावी लागू नये.