फलकावरची वेळ कोणत्या स्टँडची?

"एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकाच्या फलकाच्या फोटोत वेळ स्पष्ट दिसत असेल तर 'किती वाजता निघू?' याचं उत्तर तीच वेळ."

हे म्हणणं मला नाही पटलं. फलकावरची वेळ ही त्या स्टँडवरून गाडी सुटण्याची असते, विचारणाऱ्याच्या घरातून निघण्याची नव्हे. गेल्या मे महिन्यात मावशीने चिपळूण स्टँडच्या फलकाचा फोटो पाठवून हेच विचारलं. गुहागरच्या ओळीत १.३० होते, म्हणून मी सांगितलं, "एकला घर सोड." मावशी होती वाटेतल्या मार्गताम्हाण्याला, फोटो चिपळूणच्या भाच्याने काढलेला. चिपळूणहून गाडी मार्गताम्हाण्याला पोचायला साधारण पाऊण तास लागतो. दहा मिनिटांत नाक्यावर पोचलेली मावशी सव्वादोनपर्यंत उन्हात उभी! फार वाईट वाटलं.

आता आधी वरचं स्टँडचं नाव बघते. ते बरेचदा फोटोत कापलेलं असतं. मग एकाच निरोपात दोन्ही लिहिते: "चिपळूणहून चढणार असशील तर १.१५ला स्टँडवर हो. मार्गताम्हाण्याहून असशील तर दोनला नाक्यावर ये, गाडी सव्वादोनच्या आसपास. कुठून चढणार ते कळव." मधल्या थांब्याची वेळ अंदाजाची असते, म्हणून तिथे पंधरा मिनिटं हाताशी ठेवायची. गाडी कधी लवकरही येते.