विधेयकाचा सारांश करायचाय? मग विधेयक वाचू नका!

गल्लोगल्ली सारांशकार झालेत, मग तुम्हीच का मागे राहायचं भाऊ? बियाणे विधेयक 2025 चा मसुदा केंद्रीय कृषी मंत्रालयानं नोव्हेंबरात लोकांपुढे ठेवला, सूचनांना 11 डिसेंबरपर्यंत मुदत दिली, आणि लगेच आमच्या फॅमिली ग्रुपवर 'पाच मिनिटांत नवा कायदा' येऊन पडला. शेवटी लाल दिवे, वर 'पुढे पाठवा'. तो वाचून काटोलच्या काकांनी पेरणीसाठी राखलेलं सोयाबीन बाजारात घालून टाकलं. घरचं बियाणं ठेवणं म्हणे आता गुन्हा! सारांश असा जमला पाहिजे. तर शिका.

पहिलं म्हणजे कलमांकडे फिरकू नका. प्रस्तावना आणि उद्देश वाचले की बास. सरकारला काय हवंसं वाटतं ते तिथं सापडतं. कुणाला काय करावं लागेल ते कलमांत असतं, पण तिथं कोण जातो?

'विहित करण्यात येईल' असं जिथं दिसेल, तिथं डोळे मिटून पुढे जा. ते नंतर नियमांत ठरणार आहे, म्हणजे तुम्ही आज काहीही ठोकू शकता.

दंडाचा आकडा मात्र ठळक टाका: तीस लाख रुपये, तीन वर्षं कैद! कुणाला, कशासाठी, ते लिहायचं नाही. ही कमाल शिक्षा सगळ्यात गंभीर गुन्ह्यांसाठी आहे आणि तिचा रोख बियाण्याचा धंदा करणाऱ्यांवर आहे, हे सांगितलं तर मेसेज पुढे कोण पाठवेल? 1966 च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला फक्त 500 रुपयांपर्यंत दंड होता, हेही गाळा. खरा बदल तिथंच आहे, म्हणून तर गाळायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: जुना कायदा चुकूनही उघडू नका. जुनं माहीत नसलं की मसुद्यातली प्रत्येक ओळ नवीन वाटते, आणि मसुद्यात न सापडलेली प्रत्येक गोष्ट 'काढून टाकली' म्हणता येते. घरच्या बियाण्याचंच घ्या. एका सारांशात म्हटलंय, 'शेतकऱ्याला बियाणं साठवायचा हक्क पहिल्यांदाच मिळाला'. दुसऱ्यात म्हटलंय, 'हक्क हिसकावला'. दोघांनी मिळून एकही कायदा वाचलेला नाही! 1966 च्या कायद्याचं कलम 24 काढा: स्वतः पिकवलेलं बियाणं स्वतःच्या जागेवरून थेट दुसऱ्याला पेरायला दिलं, तर तो कायदा लागूच नाही. 2001 चा वाण संरक्षण कायदा काढा, कलम 39: बियाणं राखा, पेरा, अदलाबदल करा, विका, फक्त संरक्षित वाणाचं ब्रँडेड बियाणं विकता येणार नाही. आता मसुदा: राखणं, पेरणं, वाटणं, विकणं तसंच, पण ब्रँडच्या नावाखाली विकायचं नाही. म्हणजे घरच्या कोठीतलं सोयाबीन जिथल्या तिथं आहे. बदल असेल तर या ब्रँडच्या अटीत आहे. जुन्या कलम 24 मध्ये ब्रँडचा शब्द नव्हता आणि 2001 मध्ये अट फक्त संरक्षित वाणापुरती होती. गावातल्या एखाद्या गटानं आपल्या नावाची पिशवी छापून गावरान तूर विकली, तर ही अट त्याला लागू शकते. सूचना पाठवायची होती ती यावर. आणि आमची मंडळी पाठवत काय बसली? 'घरचं बियाणं बंद करू नका'! जे कुणी बंद करतच नव्हतं!

हां, आणि 'अधिवेशनात येणार' एवढंच लिहा, दिल्ली लिहू नका. म्हणजे अर्धं नागपूर विधान भवनाकडे बघत बसतं.

काकूनं ते सोयाबीन ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून तपासलं होतं. सत्तरच्या वर उगवले तर बियाणं चांगलं, हे तिला ठाऊक आहे. तिच्या त्या गोणपाटात जेवढी तपासणी होती, तेवढीही तुमच्या सारांशात नाही.

काहून करता बापा हे? जमत नसेल तर करू नका. करायचाच असेल तर कागदावर चार रकाने आखा: जुनं कलम, नवं कलम, काय बदललं, कुणाला लागतं. जिथं काही बदललं नाही तिथं 'जैसे थे' लिहायची लाज बाळगू नका, लोकांना सगळ्यात जास्त गरज त्याच शब्दाची असते. नियमांवर सोडलेलं वेगळं काढा आणि 'अजून ठरलेलं नाही' म्हणा. कलमाला 'परंतु' म्हणून जोडलेलं परंतुक गाळू नका, सूट बहुतेक वेळा तिथंच असते. प्रत्येक ओळीपुढे कलमाचा आकडा टाका. आकडा नसलेला सारांश यापुढे ग्रुपवर आला, तर टाकणाऱ्याला मी बाहेर काढणार आहे, मग तो घरचा जावई का असेना.