पेंडिंग म्हणजे पैसे कापले? नाही, अडवले

"कार्डावर पेंडिंग दिसलं म्हणजे पैसे कापले गेले. नंतर रक्कम बदलली तर समोरच्याने गुपचूप हात मारला समजा. दोन एन्ट्री दिसल्या तर दोनदा कापलेत. लगेच बँकेला फोन करा, बँक पेंडिंग कॅन्सल करून देते."

हा मेसेज मला आतापर्यंत चार ग्रुपवर आलाय. मी काही वर्षं हॉटेलच्या फ्रंट डेस्कला काढलीत, कार्ड मशीन रोज हातात असायचं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, कापले म्हणण्याचा. कार्ड लावलं की मशीन तुमच्या बँकेला फक्त विचारतं की एवढ्या रकमेला हो म्हणता का, बँक हो म्हणते, एक अप्रूव्हल कोड देते आणि तेवढी रक्कम बाजूला अडवून ठेवते, यालाच होल्ड म्हणतात, झालं, या क्षणी पैसा कुठेच गेलेला नसतो. डेबिट कार्ड असेल तर तुमचेच पैसे अडकतात, क्रेडिट असेल तर लिमिट. खरी वसुली नंतर, म्हणजे व्यापाऱ्याने मशीनची बॅच सेटल केली, म्हणजे जमलेले व्यवहार एकत्र वसुलीला पाठवले की त्याच्या बँकेकडून फायनल रकमेची मागणी कार्ड नेटवर्कमधून तुमच्या बँकेत येते आणि तेव्हा एन्ट्री पोस्ट होते. ॲपमध्ये दोन बॅलन्स दिसत असतील तर बघा, होल्ड असताना अव्हेलेबल कमी झालेला असतो, लेजर, म्हणजे खात्यात नोंदलेला बॅलन्स, जागचा हललेला नसतो.

रक्कम बदलण्याचं आणि डबल एन्ट्रीचं एकाच उदाहरणात सांगतो. पाहुणा 3 रात्रींसाठी आला, रात्रीचे 4,000 धरा, चलन कुठलंही. बिल शेवटी किती होणार ते चेक-इनला आम्हालाच माहीत नसतं ना! म्हणून 12,000 अधिक लाँड्री वगैरेसाठी 3,000, असं 15,000 चं प्री-ऑथ, म्हणजे अंदाजाने आगाऊ होल्ड, घेतलं. पाहुणा एक रात्र आधीच निघाला, बिल झालं 8,640. आता डेस्कवरच्याने त्याच प्री-ऑथचं कम्प्लीशन 8,640 ने केलं, म्हणजे जुना अप्रूव्हल कोड टाकून, तर तुमची बँक दोन्हीची जोडी लावते, 8,640 पोस्ट होतात आणि उरलेले 6,360 सुटतात. पण घाईत त्याने कम्प्लीशनऐवजी नवीन सेल मारला (आमच्याकडे नवीन पोरं हमखास हेच करायची, मीही केलंय) तर बँकेच्या लेखी हे दोन वेगळे व्यवहार. मग 15,000 पेंडिंग, शिवाय 8,640 वेगळे, एकूण 23,640 अडकले, आणि पाहुणा काउंटरवर लालबुंद. वसुली मात्र 8,640 चीच होते. जुना होल्ड हॉटेलने रिव्हर्सल, म्हणजे तो सोडून द्या असा मेसेज, मशीनवरून पाठवलं तर लवकर जातो, नाहीतर मुदत संपली की आपोआप गळतो, साध्या खरेदीत बहुतेक वेळा आठवड्याभरात, हॉटेल किंवा भाड्याच्या गाडीचा महिनाभरही रेंगाळू शकतो, ते बँकेवर आणि कार्डावर अवलंबून. आणि यात रिफंडची एन्ट्री शोधत बसू नका, घेतलेच नाहीत तर परत काय येणार, ती पेंडिंगची ओळ नुसती गायब होते.

रक्कम वाढते तेव्हाही दरवेळी चोरी नसते. परकीय चलनात होल्ड एका दिवसाच्या दराने लागतो आणि पोस्टिंग क्लिअरिंगच्या वेळच्या दराने, त्यात बँकेचा मार्कअप कधी नंतर चढतो, त्यामुळे थोडा फरक पडणारच. पेट्रोल पंपावर आधी कार्ड लावून मग स्वतः भरायचं असेल तर होल्ड नुसता अंदाजाचा असतो, अगदी नाममात्रसुद्धा, खरा आकडा नोझल ठेवल्यावर. हां, पण स्वतःच्याच चलनात, तुम्ही सही केलेल्या बिलापेक्षा जास्त पोस्ट झालं तर ती रीतसर तक्रार आहे, बिल पुढे करा. उलटही लक्षात ठेवा, होल्ड गळाला म्हणून बिल माफ झालं असं नाही, व्यापाऱ्याची मागणी उशिरा येऊन पोस्ट होऊ शकते, तोवर खातं रिकामं करून बसू नका.

राहिला बँकेला फोन. बँकेने व्यापाऱ्याला हो म्हटलंय, तुमच्या एका फोनवर ती सहसा ते मागे घेत नाही, व्यापाऱ्याकडून रिव्हर्सल आणा असंच सांगेल, आणि डिस्प्यूट साधारणपणे पोस्ट झालेल्या एन्ट्रीवरच घेतात. म्हणून फोन आधी हॉटेलला, हातात प्री-ऑथची स्लिप धरून, कारण त्यावरचा सहा आकडी-अक्षरी अप्रूव्हल कोड, तारीख आणि रक्कम सांगितली की डेस्कवरच्याला तो व्यवहार दोन मिनिटांत सापडतो. फक्त ती पेंडिंग तुम्ही केलेलीच नसेल तर हे सगळं बाजूला ठेवा, आधी कार्ड ब्लॉक करा आणि मग बँकेलाच फोन लावा.