अंगठ्यामागची रेघ

रात्री साडेनऊला भाचीने फोनवर एक फोटो पाठवला. खाली एवढंच: "मामा, यात रंग किती ते सांग आणि सगळ्यांचे आरएफ काढून दे. उद्या वही द्यायचीय."

फोटोत एक ओली, बाक आलेली कागदाची पट्टी होती. तिच्यावर काहीतरी सांडल्यासारखे डाग होते आणि खालच्या बाजूला एक भलामोठा अंगठा. मी काही वर्षं प्रयोगशाळेत अशाच पट्ट्या वाचून पोट भरलंय, त्यामुळे या एका विषयात घरातले सगळे माझा शब्द शेवटचा मानतात. बाकी कुठल्याच विषयात मानत नाहीत, म्हणून हा मान मी जिवापाड जपतो.

"फोटो राहू दे, मूळ पट्टी दाखव," मी ऐटीत म्हणालो.

"आईने केर समजून टाकली."

ताईला दोष देता येत नाही. पाण्यातून काढलेली क्रोमॅटोग्राफीची पट्टी ही केरासारखीच दिसते.

प्रयोग तसा साधा. गाळणकागदाची पट्टी कापायची, खालून दोनेक सेंटिमीटर वर पेन्सिलीने आडवी रेघ मारायची, रेघेवर काळ्या स्केचपेनचा बारीक ठिपका द्यायचा. मग ग्लासात अशी लटकवायची की पाणी पट्टीच्या टोकाला लागेल, ठिपक्याला नाही. कागदात चढणारं पाणी शाईतले रंग सोबत घेऊन निघतं. पाण्याशी ज्याची गट्टी तो लांब जातो, कागदाचा मोह ज्याला सुटत नाही तो मागे रेंगाळतो. रेघ पेन्सिलीचीच का, हे भाचीने स्वतः शोधून काढलं होतं. पहिल्यांदा तिने ती शाईच्या पेनाने मारली, तर ठिपक्याबरोबर रेघही वर निघाली.

आता आरएफ म्हणजे रंगाने कापलेलं अंतर भागिले पाण्याने कापलेलं अंतर. दोन्ही पेन्सिलीच्या रेघेपासून मोजायची. गुणोत्तरच काढायचंय, तेव्हा फोटोत पट्टी लहान दिसते की मोठी याने काही बिघडत नाही. हे मी तिला फोनवर मोठ्या समाधानाने सांगितलं. ते समाधान पुढची दहाच मिनिटं टिकलं.

कारण रेघ होती अंगठ्यामागे. फोटो मोठा करून बघितला तेव्हा नखाच्या डाव्या कडेला पेन्सिलीचं जेमतेम तांदळाएवढं टोक दिसलं. तेच धरून पट्टीच्या कडेला काटकोनात ओढली रेघ.

मग पाणी कुठवर चढलं ते बघायला गेलो, तर त्याची खूणच नाही. पट्टी बाहेर काढल्या क्षणी पाण्याची सीमा पेन्सिलीने आखायची असते. कागद वाळला की ती सीमा गेलीच.

"आखणार होते, पण आधी फोटो काढला," भाची म्हणाली.

या एका आळसानेच आम्हाला तारलं. पट्टी ओली असतानाच फोटो निघाला होता, आणि ओला कागद कोरड्यापेक्षा किंचित गडद दिसतो. फोटोचा कॉन्ट्रास्ट कानाला धरून वर नेला तेव्हा वरच्या बाजूला एक मळकट, नागमोडी कड उमटली. तिचा सरासरी मध्य धरला.

आता रंग. खाली गुलाबी, वर निळा, आणि निळ्याच्या पोटाशी हिरवट काहीतरी. भाचीचं म्हणणं, तीन रंग: गुलाबी, हिरवा, निळा. माझं म्हणणं, तीनच, पण हिरवा नव्हे, पिवळा. निळ्याच्या शेपटीखाली पिवळा दडला की डोळ्यांना हिरवंच दिसणार.

"पण पिवळा दिसतच नाहीये!"

दिसणार कसा? फोटो पिवळ्या दिव्याखाली काढलेला, त्यामुळे अख्खा कागदच हळद लावल्यासारखा. पाण्याच्या सीमेच्या वर कोरा, कोरडा कागद होता. तो पांढरा दिसेल इतपत फोटोचे रंग हलवले. तरी पिवळा लाजतच होता. मग त्याला घराबाहेर काढायचा जुना डाव टाकला. फोटो हा लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांचा बनलेला असतो, आणि फोटो सुधारायच्या बहुतेक प्रोग्रामांमध्ये ते थर सुटे बघता येतात. पिवळा रंग निळा प्रकाश गिळतो, म्हणून नुसता निळा थर बघितला की तो काळपट डाग होऊन पुढे येतो. निळी शाई लाल प्रकाश गिळते, म्हणून ती लाल थरात काळी पडते.

तिला दोन्ही थर पाठवले. लाल थरातला डाग वर, निळ्या थरातला थोडा खाली. हिरवा हा एकच रंग असता तर दोन्ही थरांत डागाचा मध्य एकाच उंचीवर आला असता. फोनवर बराच वेळ शांतता. भाचीकडून एवढी शांतता मला तिच्या जन्मानंतर पहिल्यांदाच मिळाली.

मग मी मोजायला बसलो. डागाला शेपटी असली तरी मध्य धरायचा तो सर्वांत गडद जागेचा. गुलाबी बरोबर निम्म्यावर आला: ०.५०. वहीत लिहायला सांगणार, तोच पट्टीच्या कडांकडे लक्ष गेलं. पट्टी सगळीकडे सारख्या रुंदीची कापलेली, मोजपट्टीने, ३ सेंटिमीटर. फोटोत मात्र खालच्या रेघेपाशी ती ३०० पिक्सेल रुंद आणि पाण्याच्या सीमेपाशी २४०. म्हणजे फोन तिरका धरला होता. जवळचं खालचं टोक फुगलं होतं, लांबचं वरचं आक्रसलं होतं. अशा फोटोतलं निम्मं हे खरं निम्मं नव्हेच.

सुदैवाने याची दुरुस्ती पट्टीच्याच रुंदीत असते. वस्तू जितकी लांब तितकी अरुंद दिसते, म्हणून अंतराच्या जागी १ भागिले रुंदी घ्यायची. गुलाबीपाशी रुंदी २७०. तेव्हा १/२७० मधून १/३०० वजा करायचे, १/२४० मधूनही १/३०० वजा करायचे, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. उत्तर ०.४४. पिवळ्यापाशी रुंदी २५८, त्याचा आरएफ ०.६५. निळ्यापाशी २५२, त्याचा ०.७६. कागदाला आलेल्या बाकाचा हिशोब मात्र यात धरलेला नाही. तो धरायला गेलो असतो तर वही पुढच्या वर्षी गेली असती. त्यामुळे दुसऱ्या दशांशावर फार जीव टाकू नकोस, एवढं भाचीला बजावलं आणि साडेअकराला कृतार्थ होऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन.

"मामा, बाईंनी मला उभं केलं!"

"का? तीन रंग लिहिलेस ना?"

"ते बरोबर आलं. पण वर्गात बाकी सगळ्यांचं गुलाबीचं उत्तर ०.५० आहे, माझं एकटीचंच ०.४४."

"सगळ्यांचं? प्रत्येकाचा स्केचपेन वेगळा, कागद वेगळा, तरी सगळ्यांचं ०.५०?"

ती जरा घुटमळली. "काल तुला पाठवायच्या आधी मी तो फोटो मैत्रिणीला पाठवला होता. तिने पुढे पाठवला. सगळ्यांनी त्याच्यावरच मोजपट्टी लावून मोजलं. आता बाई विचारतायत, इतक्यांचं जुळतंय तर तुझंच कसं चुकलं? मामा, तू उद्या शाळेत येशील का? आणि तो १/२७० घेऊन ये."