ती अ‍ॅक्रोलिन कोण?

काल रात्री मी रडत नव्हतो. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आज सकाळपासून लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवतोय.

झालं एवढंच, की दोनदा तळणाला वापरलेलं तेल तिसऱ्यांदा कढईत ओतलं आणि तळण टाकायच्या आतच ते धुरायला लागलं. डोळ्यांतून धारा, घशात काटे. खिडकी जाम, म्हणून दार उघडलं, तर समोरच शेजारच्या काकू.

"अहो, रडताय? वहिनी माहेरी गेल्या म्हणून?"

"नाही हो, अ‍ॅक्रोलिनमुळे."

काकूंचा आवाज एकदम खाली. "ही कोण?"

"कोण नाही, वायू आहे. तेल जास्त तापलं की त्यातलं ग्लिसरॉल पाणी सोडतं आणि अ‍ॅक्रोलिन बनतं."

"म्हणजे तुम्ही तिला सोडलंत, की तिनं तुम्हाला?"

"काकू, तेल जुनं आहे!"

"जुनंच असतं हो हे सगळं. किती वेळा झालं?"

"तिसरी वेळ," मी तेलाबद्दल बोललो, खरंच तेलाबद्दल, पण काकूंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं धुरामुळे.

आता मुद्द्याचं, कारण ते काकूंनी ऐकून घेतलं नाही. पाकिटावर धूरबिंदू, म्हणजे तेल धुरायला लागतं ते तापमान, २३० अंश सेल्सिअस लिहिलाय आणि तळायला १८० पुरतं, मग धूर का? तर २३० हा नव्याकोऱ्या रिफाइंड तेलाचा आकडा. तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलला तीन फॅटी अ‍ॅसिडं चिकटलेली असतात, आणि तळताना पदार्थातून सुटणारं पाणी (ते बुडबुडे म्हणजे वाफच) ती जोडणी तोडत राहतं. सुटी झालेली अ‍ॅसिडं अख्ख्या रेणूपेक्षा हलकी, त्यामुळे कमी तापमानालाच उडतात, आणि धूर मुख्यतः त्यांचाच. नव्या तेलात ती टक्क्याच्या शंभराव्या भागात मोजावी एवढीच असतात, एक टक्का झाली की धूरबिंदू साधारण १६०वर येतो. म्हणजे माझं तेल १८०ला पोचायच्या आधीच धुरणार होतं, मी कितीही देखरेख केली तरी! डोळ्यांना झोंबणारं अ‍ॅक्रोलिन मात्र हवेत दहा लाखांत एक भाग असलं तरी पुरतं. गाळलं होतं हो मी तेल, पण गाळणीत जळका चुरा अडकतो, विरघळलेली अ‍ॅसिडं थोडीच अडकणार. वरून नवं तेल ओतलं तर फक्त पातळ होतात, जात नाहीत. खरं तर दुसऱ्या वेळीच ते काळपट, चिकट झालं होतं आणि वर जाड फेस धरत होतं, तेव्हाच टाकायला हवं होतं, पण जीव होत नाही ना.

आणि पाकिटवाल्यांना फक्त नव्या तेलाचा आकडा छापायला काय जातं, तिसऱ्या वेळचा छापा की!

बायकोचा आत्ताच फोन आला. पहिलाच प्रश्न, "ती अ‍ॅक्रोलिन कोण?"