काकांची वेबसाइट, तुमचा जीमेल

गणपतीला गावी आलात. आरती झाली, मोदक झाले, भजनाला अजून दोन तास आहेत आणि मागीलदारी उभं राहिलं तर नेटवर्कही येतंय. अशा वेळी चाकरमान्याच्या हाताला काम हवं. मालवणच्या बाजारात काकांचं दुकान आहे, काजूगर, कोकम आगळ, खाजा आणि मसाल्याचं. त्याची वेबसाइट करून टाका. कोडिंग येत नाही म्हणून अडायचं कारण नाही. हल्ली वेबसाइट बनवायच्या ऑनलाइन साधनात तयार चौकटी उचलून इकडच्या तिकडे ठेवल्या, समुद्राचा एक फोटो वर टाकला की गौरी यायच्या आत दुकान ऑनलाइन.

पहिला प्रश्न काकाच विचारतील, "किती झाले?" तेव्हा ठामपणे सांगा, "तीन हजार, सगळं धरून." 'सगळं धरून' हे सांगायला विसरू नका, पुढची सगळी गंमत त्यातच आहे. समजा डोमेन, म्हणजे साइटचं नाव, पहिल्या वर्षाच्या ऑफरमध्ये 199 रुपयांना मिळालं. स्वतःचं नाव जोडता येईल असा साधनाचा प्लॅन वर्षाला 1800. तुमच्या खिशात हजार रुपये उरले, आणि दोन रात्रींच्या कामाचे म्हणून ते वाईट नाहीत. पुढच्या वर्षी ऑफर संपते, त्याच नावाचे 1200 होतात, प्लॅनचे 1800 आहेतच. बेरीज बरोबर तीन हजार. ते कोण देणार, हे तुम्ही काकांना सांगितलेलं नाही आणि सांगूही नका. सणासुदीला पैशाचं बोलू नये.

आता डोमेन कुणाच्या नावाने घ्यायचं? अर्थात तुमच्या. तुमचा जीमेल, तुमचा मोबाइल, ओटीपीही तुमच्याच फोनवर. काका म्हणतातच, "माका ह्यातला काय कळणा नाय, तूच काय ता बघ." या वाक्याला मालवणात मुखत्यारपत्राइतकी किंमत आहे. त्यांच्या दुकानाचा वेगळा ईमेल उघडून देण्यात दहा मिनिटं जातील आणि दहा मिनिटांत भजन सुरू होतं. दुकानाची किल्ली अंधेरीच्या भाड्याच्या खोलीत ठेवण्यासारखंच हे आहे, पण किल्ली दिसते, पासवर्ड दिसत नाही. भांडण व्हायचं कारण उरत नाही.

नूतनीकरणाची चिंता करू नका, 'ऑटो-रिन्यू' चालू करा आणि निर्धास्त व्हा. 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून आपोआप पैसे कापायला आधी रीतसर ई-मँडेट, म्हणजे बँकेला दिलेली आगाऊ परवानगी, लागतं. परदेशी कंपनीकडे नुसता कार्डनंबर भरून ठेवला असेल तर ते पैसे बहुतेक वेळा कापलेच जात नाहीत. पण पडद्यावरचं बटण हिरवं दिसतं. मनाच्या शांतीला तेवढं पुरे.

माझ्या माहितीतल्या एका पुतण्याने हे सगळं तंतोतंत पाळलं. त्याने 2022 च्या गणपतीत, 2 सप्टेंबरला, `.com` नाव घेतलं. काकांनी कौतुकाने काजूच्या दोन हजार डब्यांवर पत्ता छापून घेतला. पुढच्या वर्षी गणपतीला गेलो की रिन्यू करू, असा पुतण्याचा बेत. बेतात चूक काढता येत नाही, फक्त 2023 साली अधिक श्रावण आला आणि चतुर्थी 31 ऑगस्टवरून 19 सप्टेंबरला गेली. डोमेन इंग्रजी कॅलेंडरवर चालतं, त्याला अधिक महिना माहीत नाही. 2 सप्टेंबरला मुदत संपली आणि ऐन गणपतीत, माणूस गावात असताना, साइट बंद.

सूचना आल्या नव्हत्या असं नाही. महिनाभर आधी, मग आठवडाभर आधी, मुदत संपल्यावर पुन्हा, अशी पत्रं पाठवणं `.com` विकणाऱ्यांना बंधनकारकच आहे. ती सगळी पुतण्याच्या जीमेलमध्ये जाहिरातींच्या कप्प्यात पडून होती. काकांना एकही आलं नाही, कारण कागदोपत्री काका या दुकानाचे कुणीच नव्हते.

तरी घाई करू नका, पुतण्यानेही केली नाही, वेळ भरपूर असतो. `.com`चं नाव लगेच सुटत नाही. आधी विक्रेत्याच्या सवलतीचे काही दिवस, त्याच्याकडे ते साधारण महिनाभर होते, तेव्हा नेहमीच्या पैशांत नाव परत मिळतं. मग 30 दिवस दंड भरून सोडवायचे, आणि तो दंड नावाच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. शेवटी 5 दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि नाव बाजारात मोकळं. हिशेब मांडा: 2 सप्टेंबर, ऑक्टोबरची सुरुवात, नोव्हेंबरची सुरुवात. लक्ष्मीपूजन होतं 12 नोव्हेंबरला. काजूचे डबे भेट म्हणून पुण्या-मुंबईत पोचले तेव्हा डब्यावरच्या पत्त्यावर ऑनलाइन रमी चालू झालेली.

साइट चालू असतानाही निष्काळजीपणाला वाव आहेच. एप्रिलमध्ये देवगड हापूसची पेटी लावा, भाव ठळक आकड्यांत छापा आणि मुंबईला निघून या. भाव आठवड्याला बदलतो, आंबा जूनमध्ये संपतो, पण पानावर पेटी नोव्हेंबरातही 'उपलब्ध' असते. 'आजचा भाव व्हॉट्सॲपवर विचारा' एवढं लिहून खाली काकांच्या नंबराची लिंक दिली की हा प्रश्नच मिटतो, म्हणून ते टाळा. लिंक द्यायचीच असेल तर नंबराआधी शून्य घाला. `https://wa.me/91` याच्यापुढे नुसते दहा आकडे हवेत. शून्य घातलं की गिऱ्हाईक कुठेच पोचत नाही आणि काकांना कळतही नाही.

आमच्याच आळीत एक खुळा आहे, त्याच्यापासून सावध राहा. तो बनवण्याचे सहा हजार वेगळे घेतो आणि दर वर्षाचे साडेचार हजार वेगळे. त्या साडेचारात तीन हजार डोमेन आणि प्लॅनचे, उरलेले त्याच्या मेहनतीचे, वर्षातून चार वेळा बदल करण्याचे, पाचव्या बदलाला तीनशे. हे तो आधी कागदावर लिहून देतो, म्हणून निम्मे दुकानदार त्याला लुटारू म्हणतात. दुकानाचा ईमेल दुकानदाराच्या फोनवर उघडतो, डोमेनचे पैसे दुकानदाराच्या हातून भरायला लावतो, शक्य तर एकदम तीन वर्षांचे. पासवर्ड उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतो आणि मुदतीची तारीख दुकानातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने. मजकूर आणि फोटोंची एक प्रतही देतो, कारण अशा साधनांवर बांधलेली साइट बहुधा जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. उद्या दुकानदाराने त्याला काढून दुसरा माणूस ठेवला तर काही अडत नाही. स्वतःलाच असं बिनगरजेचं करून ठेवणाऱ्याला धंदा काय कळणार?

कुणी जाब विचारलाच तर तुमच्याकडे भक्कम दाखला आहे. दुकानांना फुकट मिळणाऱ्या बिझनेस प्रोफाइलच्या वेबसाइट खुद्द गुगलने मार्च 2024 मध्ये बंद केल्या. गुगलला जमलं नाही तिथे अंधेरीचा पुतण्या काय करणार, असं म्हणून पान पुढे करावं.

त्या पुतण्याला दिवाळीच्या पाडव्याला काकांचा फोन आला. "अरे झिला, पुण्याचो एक गिरायक विचारता, तुमी काजू इकतात काय पत्ते?" नाव परत घ्यायचं तर नव्या मालकाने डॉलरमध्ये किंमत सांगितली होती, ती ऐकून काका थोडा वेळ गप्प बसले. मग काकीने आणि तिच्या सुनेने उरलेल्या अकराशे डब्यांवरचा पत्ता काळ्या मार्करने खोडला. नऊ मार्कर लागले. ते 'सगळं धरून'मध्ये नव्हते.